सनद आणि योजना: बडोद्यातील एका ग्रंथालयाच्या डिजिटायझेशनचे प्रकरण

बडोद्यात दांडिया बाजाराच्या परिसरात एका जुन्या मराठी संस्थेचे ग्रंथालय आहे. संस्थेच्या विनंतीवरून तिचे नाव येथे दिलेले नाही. या ग्रंथालयात 1950 पूर्वी छापलेली सुमारे 2,100 मराठी पुस्तके असून त्यांतील बरीच आता हात लावताच कडेने तुटतात. एप्रिल 2023 मध्ये विश्वस्त मंडळाने ही पुस्तके स्कॅन करून घेण्याचा ठराव केला, जुलैमध्ये काम सुरू झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात ते थांबवावे लागले. एका अभियांत्रिकी कंपनीतून प्रकल्प व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेला असल्यामुळे आणि त्याहीपेक्षा त्या ग्रंथालयाचा जुना वाचक असल्यामुळे मला बोलावणे आले. काम का थांबले याचा शोध घेताना असे दिसले, की स्कॅनर, ठेकेदार आणि पैसा या तिन्ही गोष्टी ठीक होत्या आणि दोष कागदात होता. जे दोन वेगळे दस्तऐवज असायला हवेत ते एकाच फाइलमध्ये कालवले गेले होते आणि त्या कालवण्यात दोन्हींचा उपयोग संपला होता.

चौदा पानांचा आराखडा

ती फाइल "प्रकल्प आराखडा" या नावाची, 14 पानांची होती. पहिली दोन पाने ग्रंथालयाच्या इतिहासाची होती. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणल्याचा उल्लेख त्यात होता, आणि ग्रंथालयाविषयी या गावात लिहिलेला कोणताही कागद तेथूनच सुरू होतो, हे मी आता गृहीत धरतो. पुढे आठवड्यागणिक वेळापत्रक, स्कॅनिंग करणाऱ्या मुलांची नावे व फोन क्रमांक, ठेकेदाराचा प्रति पृष्ठ 1 रुपया 20 पैसे हा दर, 2 टेराबाइटच्या एका डिस्कची किंमत आणि एकूण साडेपाच लाखांचा अंदाज होता. शेवटच्या पानावर अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि इतर चार विश्वस्त यांच्या सह्या होत्या.

या सह्यांमुळेच पहिली अडचण उभी राहिली. मंडळाची सभा दोन महिन्यांतून एकदा भरते. स्कॅनिंग करणारा एक मुलगा काम सोडून गेला आणि त्याच्या जागी दुसरा घ्यावयाचा झाला, तेव्हा खजिनदारांनी रास्त प्रश्न विचारला, की सह्या झालेल्या कागदावरचे नाव सभेशिवाय कसे बदलायचे. वेळापत्रक चार दिवसांनी सरकले तेव्हाही हाच प्रश्न आला. ज्या गोष्टी दर आठवड्याला बदलणार हे उघड होते, त्यांवर सात जणांच्या सह्यांचे कुलूप पडले होते.

दुसरी अडचण याच्या नेमकी उलटी होती. ठेकेदाराचे म्हणणे असे, की पुस्तकाची पाठ कटिंग मशीनवर कापून पाने सुटी केली तर साध्या फीडर स्कॅनरमधून ती दसपट वेगाने निघतात. ग्रंथपाल ताईंनी याला ठाम नकार दिला. ठेकेदाराच्या मुलाने "बेन, साहेबांना विचारून घेतो" असे म्हणून कार्यवाहांना फोन लावला. कार्यवाह त्या वेळी एका लग्नात होते, आणि "काम अडवू नका" एवढेच ते बोलले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत 38 पुस्तकांच्या पाठी कापल्या गेल्या होत्या. ताईंनी मला त्या दाखवल्या तेव्हा सुटी पाने वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेली होती आणि प्रत्येक गठ्ठ्यावर दाखल क्रमांक पेन्सिलने लिहिलेला होता. मूळ पुस्तक शाबूत राखायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी त्या चौदा पानांत एकही वाक्य नव्हते. मुलांचे फोन क्रमांक मात्र होते.

तिसरी गोष्ट तोवर उघड झालेली नव्हती, पण तीच सर्वांत महागात पडली असती. पुण्यातील एका देणगीदार कुटुंबाला असे सांगण्यात आले होते, की सर्व पुस्तके गुढीपाडव्याला, म्हणजे संस्थेच्या वर्धापनदिनी, इंटरनेटवर वाचायला मिळतील. ठरावात मात्र "डिजिटायझेशन" एवढाच शब्द होता. पुस्तक जतनासाठी स्कॅन करून ठेवणे आणि ते सर्वांना वाचायला खुले करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कोणती करायची हे कोणी ठरवलेच नव्हते.

सनद म्हणजे काय

प्रोजेक्ट चार्टरला मी मराठीत प्रकल्प सनद म्हणतो. हा शब्द बडोद्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सनद देणारा आपल्या शिक्क्यानिशी लिहून देतो, की अमक्याला अमुक गावाचा अमुक अधिकार दिला आहे. शेतात कोणते पीक घ्यायचे आणि पाटाचे पाणी कोणत्या दिवशी सोडायचे हे सनदेत नसते. प्रकल्पाच्या सनदेचेही असेच आहे. ज्याच्या हाती संस्थेचा पैसा आणि माणसे आहेत, तो प्रायोजक हा कागद देतो. त्याने दोन गोष्टी घडतात: प्रकल्प अधिकृतपणे अस्तित्वात येतो आणि एका नाव घेतलेल्या माणसाला संस्थेची साधने त्यासाठी वापरण्याचा अधिकार मिळतो. मसुदा व्यवस्थापकानेच लिहिला तरी चालतो, आणि बहुतेक ठिकाणी तसेच होते. सही मात्र प्रायोजकाचीच हवी. स्वतःच स्वतःला अधिकार देता येत नाही.

प्रकल्प योजना नंतर येते. मिळालेल्या अधिकारात हे काम कसे करायचे, कसे तपासायचे, बदल कसे हाताळायचे आणि शेवटी ते कसे बंद करायचे, हे ती सांगते. ती व्यवस्थापक आणि प्रत्यक्ष काम करणारी माणसे मिळून लिहितात. येथे एक सार्वत्रिक गैरसमज नोंदवला पाहिजे. आपल्याकडे "प्लॅन दाखवा" म्हटले की लोक आडव्या पट्ट्यांचे वेळापत्रक पुढे करतात. ते वेळापत्रक योजनेचा एक भाग आहे. व्याप्ती, खर्च, गुणवत्ता, जबाबदाऱ्या, जोखीम, खरेदी, कोणाला काय कळवायचे आणि बदल कोणत्या वाटेने मंजूर व्हायचा, हे सारे तिच्यात असावे लागते.

व्यवहारात एखादे वाक्य कोणत्या कागदात घालायचे हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: उद्या हे वाक्य बदलायची वेळ आली, तर कोणाला विचारावे लागावे? उत्तर प्रायोजक असेल, तर ते वाक्य सनदेत जाते. व्यवस्थापक असेल, तर योजनेत. त्या चौदा पानांतील प्रत्येक वाक्याला आम्ही हा प्रश्न लावला. एका दुपारी अध्यक्ष, ताई आणि मी वाचनालयाच्या लांब टेबलावर बसून लाल आणि निळ्या पेन्सिलीने खुणा करत गेलो. लाल खुणेची, म्हणजे सनदेत जाणारी, जेमतेम नऊ वाक्ये निघाली. ग्रंथालयाच्या इतिहासाला दोन्हीकडे जागा मिळाली नाही आणि अध्यक्षांना त्याचे वाईट वाटले. सनदेत असायला हव्यात अशा आणखी सहा-सात गोष्टी मात्र मूळ आराखड्यात कोठेच नव्हत्या.

आम्ही लिहिलेली सनद

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सनदेवर सही झाली. ती दोन पानांची होती. तिचा आशय, थोडा आटोपशीर करून, येथे देतो.

उद्देश: 1950 पूर्वी छापलेली, संस्थेच्या दाखल नोंदवहीत असलेली मराठी पुस्तके मूळ प्रतीला इजा न होता डिजिटल स्वरूपात जतन करणे, आणि त्यांपैकी ज्यांचे लेखनहक्क संपलेले आहेत ती सर्वांना वाचायला खुली करणे. यशाची कसोटी: किमान 2,000 पुस्तकांच्या पूर्ण व सुवाच्य प्रती तयार होणे आणि त्या तीन ठिकाणी साठवलेल्या असणे. सीमा: नियतकालिके, हस्तलिखिते आणि 1950 नंतरची पुस्तके या प्रकल्पात नाहीत, अक्षरओळख करून मजकूर शोधण्याजोगा बनवणेही नाही. मुख्य टप्पे: 100 पुस्तकांची चाचणी ऑगस्टअखेर, सर्व काम 31 मार्च 2024 पर्यंत. पैसा: कमाल 9 लाख रुपये, त्यांपैकी चाचणी आणि योजनेसाठी 1 लाख आता, उरलेले योजना पाहून. मोठ्या जोखमी: ठिसूळ पाने, लेखनहक्काविषयी चूक, आणि 2019 सारखा पूर. प्रायोजक: अध्यक्ष. प्रकल्प व्यवस्थापक: ग्रंथपाल.

यानंतरचे कलम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो आणि तयार नमुन्यांत ते बहुधा एका ओळीत उरकलेले असते. ते अधिकाराचे कलम आहे. आमच्या सनदेत असे लिहिले होते, की व्यवस्थापकांनी मंजूर रकमेच्या आत एका वेळी 25,000 रुपयांपर्यंतचा खर्च कोणालाही न विचारता करावा. 31 मार्चची मर्यादा पाळून मधल्या सर्व तारखा आणि कामाची माणसे बदलावीत. ठेकेदाराला सूचना फक्त त्यांनीच द्यावी, आणि अन्य कोणी विश्वस्ताने दिलेली सूचना ठेकेदाराने मानू नये. पुस्तकाची बांधणी तोडणे, सीमेबाहेरचे साहित्य घेणे आणि हक्क न तपासता काहीही खुले करणे या तीन गोष्टींना मात्र प्रायोजकाची लेखी संमती लागेल.

या कलमावर एक तास चर्चा झाली. कार्यवाहांना "अन्य कोणी विश्वस्ताने" हे शब्द टोचले, आणि ते साहजिक होते, कारण रोख कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक होते. शेवटी तेच म्हणाले, "असू द्या. मला फोन आला नाही म्हणजे मी बोलणार नाही." ताईंवर या कामाची जबाबदारी एप्रिलपासूनच होती, पण कागदावर अधिकार नव्हता, आणि म्हणूनच ठेकेदाराचा मुलगा त्यांच्या समोर उभा राहून साहेबांना फोन लावू शकला. सनद फसली आहे की नाही हे ओळखण्याची माझी खूण हीच आहे: व्यवस्थापकाने न विचारता काय करावे आणि काय करू नये, हे तिच्यावरून सांगता आले नाही, तर तो शुभेच्छापत्राच्या तोडीचा कागद आहे.

हक्काचे वाक्य लिहितानाही थोडा विचार करावा लागला. भारतीय कायद्यात लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे लेखनहक्क राहतो, आणि ही वर्षे मृत्यूच्या पुढल्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मोजली जातात. ह. ना. आपटे 1919 मध्ये वारले, त्यांचे साहित्य केव्हाच मुक्त झाले आहे, वि. स. खांडेकर 1976 मध्ये वारले, त्यांचे 1930 च्या दशकात छापलेले पुस्तक जुने दिसले तरी ते मुक्त नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर, कागदी प्रत ज्याच्याकडे आहे अशा बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी ती डिजिटल रूपात साठवण्याची मुभा आहे, पण त्या मुभेने ती इंटरनेटवर ठेवता येत नाही. एका विश्वस्तांनी सुचवले, की सनदेत लेखकांची यादीच जोडावी. आम्ही ते टाळले आणि सनदेत फक्त नियम लिहिला: "खुले करण्याच्या दिवशी ज्या पुस्तकाचे लेखनहक्क संपलेले असतील तेच खुले करावे." यादी योजनेत गेली. पुढे 1 जानेवारी 2024 उजाडला आणि 1963 मध्ये वारलेल्या लेखकांची पुस्तके मुक्त झाली, तेव्हा ताईंनी यादीत भर घातली आणि सनदेतील एक अक्षरही बदलावे लागले नाही.

चाचणीने योजनेत काय घातले

सनद लिहिली जाते तेव्हा प्रकल्पाविषयी सर्वांत कमी माहिती असते. म्हणून तिच्यातील आकडा ढोबळच असतो, आणि तो तसा असल्याचे लिहून ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. प्रकल्प व्यवस्थापनात रूढ असलेल्या संकेतानुसार या टप्प्यावरचा अंदाज 25 टक्के खाली ते 75 टक्के वर इतका हलू शकतो. आमचा अंदाज 7 लाखांचा होता, म्हणजे खरा खर्च सव्वापाच लाखांपासून सव्वाबारा लाखांपर्यंत कोठेही पडू शकला असता. हे ऐकून खजिनदार अस्वस्थ झाले. त्यांना सव्वाबारा लाख द्यायचे नव्हते, म्हणून 9 लाखांची कमाल मर्यादा आली आणि पहिला हप्ता फक्त चाचणीपुरता ठेवला गेला. योजना तयार होईपर्यंत सगळा पैसा न सोडण्याची ही तजवीज सनदेमुळेच करता आली.

चाचणीसाठी ताईंनी नोंदवहीतून दर एकविसावे पुस्तक काढले, म्हणजे चांगली चांगली पुस्तके निवडण्याचा मोह राहिला नाही. आधीच्या आराखड्यात सरासरी 190 पृष्ठे धरली होती. या 100 पुस्तकांत ती 214 निघाली, कारण जुन्या प्रकाशकांच्या जाहिरातींची आणि वर्गणीदारांच्या यादीची पाने कोणी मोजलीच नव्हती. वेगही तपासला. पुस्तक अर्धवट उघडे ठेवणाऱ्या व्ही आकाराच्या पाळण्यावर, वरून छायाचित्र घेणाऱ्या स्कॅनरने, धड स्थितीतील पुस्तकाची तासाला 350 पृष्ठे होत होती. शंभरांतील 22 पुस्तके मात्र अशी होती, की प्रत्येक पान पातळ चपट्या पट्टीने उचलावे लागे, आणि तेथे वेग 160 वर येई.

या दोन आकड्यांतून योजनेचे वेळापत्रक निघाले. एकूण पृष्ठे सुमारे साडेचार लाख. त्यांपैकी 3,51,000 पृष्ठांना तासाला 350 या वेगाने 1,003 तास, आणि ठिसूळ 99,000 पृष्ठांना 160 या वेगाने 619 तास, मिळून 1,622 तास. दोन स्कॅनर, प्रत्येकी दिवसाला सहा तास काम, म्हणजे 135 दिवस. बावीस टक्के पुस्तके अडतीस टक्के वेळ खाणार हे आधी कोणाच्याच ध्यानात आलेले नव्हते. महिन्याला 25 दिवस आणि दिवाळीची आठ दिवसांची सुट्टी धरून 1 सप्टेंबरपासूनचे काम फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संपत होते, आणि 31 मार्चपर्यंत महिनाभराचा अवकाश राहत होता.

खर्चही असाच नव्याने बसवला. ठिसूळ पृष्ठांसाठी ठेकेदाराशी अडीच रुपयांचा वेगळा दर ठरला, तेव्हा स्कॅनिंगचे 6,68,700 रुपये झाले. 400 डीपीआयची करडी प्रतिमा पृष्ठामागे सात-आठ मेगाबाइट घेते, म्हणजे एका संचालाच साडेतीन टेराबाइटच्या आसपास जागा हवी आणि असे तीन संच हवेत. 2 टेराबाइटची ती एक डिस्क कशी पुरली असती, हा प्रश्न मी कार्यवाहांना विचारला नाही. डिस्कचे 60,000, सूचीनोंदीचे 55,000 आणि साफसफाई व किरकोळ धरून बेरीज 8,10,000 झाली. या टप्प्यावर 5 टक्के खाली ते 10 टक्के वर एवढाच फरक अपेक्षित धरतात, म्हणजे वरचे टोक 8,91,000. ते 9 लाखांच्या आत बसत होते आणि मंडळाने उरलेला पैसा मोकळा केला. बसले नसते, तर योजना खोटी करून बसवण्याऐवजी सनदेकडे परत जावे लागले असते: पुस्तकांची संख्या कमी करा किंवा मर्यादा वाढवा.

योजनेतील बाकीच्या भागांपैकी दोनच येथे जवळून दाखवतो. जुलैमधील सुमारे 60 पुस्तकांच्या फाइली पुन्हा कराव्या लागल्या, कारण प्रत्येक मुलाने फाइलींना आपल्या मनाने नावे दिली होती. आता योजनेत नमुना लिहून दिला: पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि पृष्ठाचा अनुक्रम.

```
01482-0037.tif
01482-0038.tif
```

दुसरा भाग तपासणीचा. प्रत्येक पुस्तकाची छापील पृष्ठे मोजून फाइलींच्या संख्येशी ताडायची आणि दर विसावे पृष्ठ डोळ्यांनी पाहायचे. एक जरी पृष्ठ गळलेले किंवा अंगठा उमटलेले सापडले, तर ते पूर्ण पुस्तक तपासायचे. तपासणारा माणूस स्कॅन करणाऱ्यापेक्षा वेगळा असेल. सनदेत यासाठी "पूर्ण व सुवाच्य" हे दोनच शब्द होते. सुवाच्य म्हणजे किती, हे ठरवण्याचे काम योजनेचे.

दोन बदल

ऑक्टोबरमध्ये एका स्कॅनरचा दिवा गेला आणि सुटा भाग येईपर्यंत तो आठ दिवस बंद राहिला. ताईंनी वेळापत्रक चार दिवसांनी पुढे सरकवले, योजनेच्या बदलनोंदीत तारीख आणि कारण लिहिले आणि महिन्याच्या अहवालात अध्यक्षांना कळवले. कोणाची परवानगी मागितली नाही, कारण लागत नव्हती. जुलैमध्ये हेच घडले असते तर सप्टेंबरच्या सभेपर्यंत थांबावे लागले असते.

डिसेंबरमधला बदल वेगळा होता. रावपुऱ्यातील एका कुटुंबाने आपल्या आजोबांनी जपून ठेवलेली 300 हस्तलिखित मासिके ग्रंथालयाला भेट दिली. ती सुंदर होती, त्यांतील काहींची मुखपृष्ठे जलरंगात काढलेली होती, आणि सगळ्यांच्याच मनात आले, की स्कॅनर आहे, मुले आहेत, करून टाकावे. ताईंनी हिशेब मांडला: प्रत्येकी 80 धरून 24,000 पृष्ठे, सारी ठिसूळ, 150 तास, म्हणजे साडेबारा दिवस आणि 60,000 रुपये. काम मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपले असते आणि एकूण खर्च 8,70,000 झाला असता. वेळ आणि पैसा दोन्ही मर्यादेत होते. योजनेकडे पाहून होकार देता आला असता.

तरीही त्यांनी होकार दिला नाही आणि मला त्याबद्दल फार समाधान वाटले. हस्तलिखिते सनदेच्या सीमेबाहेर होती, आणि ती सीमा काही लहरीने आखलेली नव्हती. कधीच प्रकाशित न झालेल्या लेखनाच्या हक्काचा हिशेब छापील पुस्तकापेक्षा वेगळा पडतो, मासिकांत टोपणनावाने लिहिणाऱ्यांचे वारस कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि जलरंगाच्या पानांना करडी प्रतिमा चालली नसती, म्हणजे तपासणीचे आणि साठवणीचे निकष पुन्हा ठरवावे लागले असते. ताईंनी एका पानाची टीप अध्यक्षांना दिली. त्यात हे तिन्ही मुद्दे, वेळ-पैशाचे आकडे आणि त्यांची शिफारस होती. अध्यक्षांनी तिच्यावर लिहिले: "या प्रकल्पात नको. स्वतंत्र सनद करावी."

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, की एवढ्याशा कामाला दोन दोन कागद कशाला. दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवायला माझी हरकत नाही; सही वेगळी आणि बदलाची वाट वेगळी असली म्हणजे झाले. पंधरा दिवसांचे काम असेल तर सनद अर्ध्या पानाची होईल आणि योजना दोन पानांची. मी नोकरीत असताना याच्या उलट चूक अधिक पाहिली आहे: साठ-सत्तर पानांची सनद, जिच्यात बोल्टचे आकारही असत आणि जी प्रायोजकाने वाचल्याचे कोणतेही लक्षण नसे. प्रायोजकाला एका बैठकीत वाचून होत नाही तो कागद सनद म्हणून कामाला येत नाही, कारण न वाचता दिलेला अधिकार पहिल्या वादातच तो परत घेतो.

प्रकल्प 12 मार्च 2024 रोजी बंद झाला. बंद करण्याच्या सभेत योजना कोणी उघडली नाही. अध्यक्षांनी सनदेची दोन पाने समोर ठेवली आणि एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारले. 2,064 पुस्तके पूर्ण झाली होती. उरलेल्या 36 पैकी 11 नोंदवहीत होती पण कपाटात नव्हती, आणि 25 उघडलीच जात नव्हती. त्यांची यादी जोडली होती. खर्च 8,38,000 झाला होता. जुलैमधील 38 गठ्ठ्यांची पुनर्बांधणी यात नव्हती, कारण ती सनदेत नव्हती, आणि तो खर्च कार्यवाहांनी स्वतःच्या खिशातून केला. गुढीपाडव्याला, 9 एप्रिलला, खुल्या करता येणाऱ्या पुस्तकांचे पान सुरू झाले. पुण्याच्या देणगीदारांना सगळी पुस्तके का दिसत नाहीत हे अध्यक्षांनी आधीच पत्राने कळवले होते, आणि त्या पत्रात सनदेतील हक्काचे वाक्य जसेच्या तसे उतरवले होते.

मासिकांची सनद अजून व्हायची आहे. ताईंनी मसुदा लिहायला घेतला आहे आणि त्यात पहिल्यांदा भरलेली जागा अधिकाराच्या कलमाची आहे. प्रायोजकाच्या नावापुढे मात्र त्यांनी अजून रेघच ठेवली आहे, कारण या वेळी पैसा कोण देणार हे ठरलेले नाही.